मुडदुसासाठी एकदम दीड लाख युनिट : डोसाची भीती आणि कॅल्शियमचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. तिला मुडदूस असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी एकदम दीड लाख युनिट पाजले. मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर तर रोज फक्त ४०० युनिट लिहिलेले असते. एवढा डोस तिच्या अंगावर तर येणार नाही ना? आणि व्हिटॅमिन दिल्यावर पुन्हा रोज कॅल्शियम कशासाठी? त्याने मुतखडा होईल, असे घरातील मंडळी म्हणतात.

उत्तर : सिंहगड रस्त्यावर राहणारे एक कुटुंब बालरोगतज्ज्ञांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवले होते, तेव्हा त्यांची मुलगी बावीस महिन्यांची होती. मनगटे रुंद झालेली, उभी राहिली की पाय धनुष्यासारखे वाकलेले, आणि चालायला लागली तीच दीड वर्षानंतर. दोन वर्षांच्या आतील मुलांचे पाय थोडे वाकडे असणे हे पुष्कळदा स्वाभाविकच असते. म्हणून निदान पायांवरून नव्हे, तर मनगटाच्या एक्स-रेवरून आणि रक्ताच्या तपासण्यांवरून झाले होते. हाडांची टोके एक्स-रेमध्ये कपासारखी खोलगट आणि विस्कटलेली दिसत होती, मुडदुसात रक्तात वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर खूप वाढलेले होते आणि व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलेले होते. अंगावरचे दूध, पातळ वरण-भात आणि चहात बुडवलेले बिस्कीट एवढाच तिचा आहार होता; गच्चीला कुलूप असलेल्या इमारतीत ऊन मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

तिलाही दीड लाखाचाच डोस दिलेला होता. बाटलीवरचे ४०० युनिट हा निरोगी तान्ह्या बाळाचा प्रतिबंधक डोस आहे; वर्षानंतर तो ६०० युनिट होतो. मुडदुसाचा उपचार हे वेगळे गणित आहे. २०१६ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार एक वर्षाच्या आतील बाळाला रोज २,००० युनिट, एक ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ३,००० ते ६,००० आणि त्यापुढे रोज ६,००० युनिट, असे किमान तीन महिने द्यावे लागतात. रोज औषध देणे जमणार नाही असे वाटले, तर एकच मोठा डोस देता येतो : तीन ते बारा महिन्यांच्या बाळाला ५०,०००, एक ते बारा वर्षांपर्यंत १,५०,००० आणि बारा वर्षांनंतर ३,००,००० युनिट. तीन महिन्यांच्या आतील बाळाला मात्र असा एकरकमी डोस देत नाहीत. आता बेरीज करून पाहा. रोज ३,००० युनिट नव्वद दिवस दिले, तर एकूण २,७०,००० होतात. म्हणजे ज्या दीड लाखाने तुमची झोप उडाली आहे, तो रोजच्या उपचाराच्या एकूण मात्रेपेक्षा कमीच आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि तेथून सावकाश वापरले जाते, म्हणून एकदा दिलेले बरेच दिवस पुरते.

धोका खरा आहे, पण तो दुसऱ्याच जागी आहे. त्या आईला मी घरातील सगळी औषधे आणायला सांगितले होते. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा त्यात ६०,००० युनिटांच्या, पाच मिलीलिटरच्या तीन छोट्या बाटल्या निघाल्या. दोन पूर्ण आणि तिसरीतील अर्धी, असे मिळून दीड लाख होतात. त्यामुळे तिसरीत ३०,००० युनिट शिल्लक होते आणि ‘औषध वाया कशाला घालवायचे’ म्हणून आजींनी ती बाटली फ्रिजमध्ये जपून ठेवली होती. शिवाय दुसऱ्या दवाखान्यातून आणलेली, ‘आठवड्याला एक’ अशी चिठ्ठी असलेली ६०,००० ची पाकिटेही त्यात होती. दोन्ही डॉक्टरांचा उपचार आपापल्या जागी समजण्यासारखा होता, परंतु एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मोठ्या डोसाने होणारी विषबाधा माझ्या पाहण्यात बहुधा अशीच घडते : दोन चिठ्ठ्या एकावर एक चढतात, किंवा आठवड्याचे पाकीट रोज दिले जाते. ती अर्धी बाटली आम्ही तेथेच ओतून टाकली आणि पाकिटे बंद केली. मुलीला सतत उलट्या होणे, भूक मरणे, बद्धकोष्ठ, खूप तहान आणि वारंवार लघवी, सुस्ती यांपैकी काही दिसले, तर थांबून न राहता रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे.

कॅल्शियमचा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण बंद केली जाते ती हीच बाटली. व्हिटॅमिन डी मिळताच इतके दिवस उपाशी असलेली हाडे रक्तातील कॅल्शियम भराभर ओढून घेऊ लागतात. बाहेरून पुरवठा नसेल, तर रक्तातील पातळी खाली येते; बोटे आखडतात, हातापायांत वांब येतात, क्वचित झटकाही येतो. म्हणून उपचाराच्या काळात वय किंवा वजन काहीही असले, तरी दिवसाला किमान ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून किंवा औषधातून पोटात जायलाच हवे. हे प्रमाण शुद्ध कॅल्शियमचे आहे. लेबलवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर त्यात शुद्ध कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. हा फरक न कळल्यामुळे कोणी अर्धे देतो, तर कोणी दुप्पट. दिवसातून दोनदा विभागून जेवणाबरोबर द्यावे आणि लोहाच्या औषधात व त्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. एवढे प्रमाण मुलाच्या रोजच्या गरजेच्याच आसपासचे असल्यामुळे त्याने मुतखडा होईल, ही भीती धरण्याचे कारण नाही; मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, तर गोष्ट वेगळी, आणि ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

चार आठवड्यांनी हे कुटुंब परत आले ते निराश होऊन. अल्कलाइन फॉस्फेटेज अजून चढेच होते आणि पायही तसेच होते. परंतु फॉस्फरस वाढले होते आणि मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. हाड भरू लागल्याची पहिली खूण ती रेघ असते. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र खाली यायला काही महिने घेते. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत तेही उतरले आणि मुलगी रोजच्या ६०० युनिटांवर आली. तीन महिन्यांनीही अशी सुधारणा दिसली नाही, तर आणखी एक मोठा डोस मागू नका. आधी औषध खरेच पोटात गेले का, हे पाहावे लागते आणि मग सीलिअ‍ॅकसारखा पचनाचा आजार, मूत्रपिंडाचा दोष किंवा लघवीवाटे फॉस्फेट वाहून जाण्याचा आनुवंशिक मुडदूस शोधावा लागतो. या शेवटच्या प्रकारात व्हिटॅमिन डी कितीही दिले, तरी हाड भरत नाही.

पाय सरळ व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि बहुतेक लहान मुलांत ते आपोआप होतात, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार हाडे पूर्ण भरल्यानंतरच करतात. त्या आईला त्या वेळी पाचवा महिना लागलेला होता. येणाऱ्या बाळाला जन्मानंतर पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिटांचे थेंब द्यायचे, हे आम्ही तिच्या फाइलवर लिहून दिले आणि तिची स्वतःची व्हिटॅमिन डीची तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली.