हायड्रोग्राफ वाचताना आधी वेळ बघा

हायड्रोग्राफच्या आलेखात खांब पावसाचे आणि रेषा ओढ्याच्या प्रवाहाची, एवढं तुम्हाला कळलंय, म्हणजे निम्मं काम झालं. आता लॅग टाइम काढा. नवीन माणूस तो हमखास पाऊस सुरू झाल्यापासून मोजतो. तो मोजायचा सर्वात उंच खांबापासून प्रवाहाच्या शिखरापर्यंत. समजा, सर्वाधिक पाऊस साडेपाचला आणि पीक फ्लो साडेनऊला, 40 घनमीटर प्रति सेकंद; लॅग चार तास.

त्याच ओढ्याच्या पाणलोटात डांबर, काँक्रीट आणि गटारं आली की तेवढ्याच पावसात प्रवाहाचं शिखर सातलाच येऊ शकतं, आणि तेही बरंच उंच. कारणं दोन: पाणी कमी मुरतं, आणि उरलेलं गटारातून धावत एकदमच ओढ्यात पोचतं. रेषेची चढण उभी दिसली की हे ओळखा.

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा:

- अक्षावर पातळी आहे की प्रवाह, ते आधी वाचा. मीटर म्हणजे पातळी.
- सगळा दोष काँक्रीटला देऊ नका. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. तिथे कात्रजच्या डोंगराचा उतारही पाणी वेगाने खाली आणतो. शिवाय जमीन आधीच भिजलेली असेल, तर मोकळं रानही फारसं पाणी मुरवत नाही.

पाऊस नसतानाही ओढ्यात असतो तो मूळ प्रवाह; तो वेगळा काढायचं सध्या राहू द्या.