भांग रुंद दिसतोय: डॉक्टर की नुसती काळजी?

प्रश्न: "वय ३१. परवा केस धुतल्यावर फोटो काढला तर भांगात टाळू स्पष्ट दिसतेय, दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत एवढी दिसत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला, तेव्हापासून न्हाताना केस पण खूप जातायत. डॉक्टरकडे जाऊ का, की सौम्य शाम्पू वगैरे लावून वाट बघू? ताई, फोटो बघून सांगाल का?"

आधी हे सांगते की मी डॉक्टर नाहीये, त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो काढायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे फोटो कुठे फसवतो ते बऱ्यापैकी कळतं.

तुझा फोटो ओल्या केसांचा आहे आणि वरून फ्लॅश मारलाय. ओले केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात आणि दोन बटांमधली कातडी उघडी पडते, त्यात फ्लॅशने टाळू चमकते, म्हणजे अगदी दाट केसांच्या बाईचाही भांग अशा फोटोत रुंदच दिसणार. तेल लावलेल्या केसांचंही तेच. जुना फोटो कोरड्या केसांचा आणि लांबून काढलेला, म्हणून या दोन फोटोंची तुलना करून घाबरू नकोस आणि निश्चिंतही होऊ नकोस, तो पुरावाच नाहीये.

परत काढ. केस धुऊन पूर्ण वाळलेले, तेल-सिरम काही नको, फ्लॅश बंद, दिवसा खिडकीजवळ. शेपटीच्या कंगव्याने मधोमध सरळ भांग पाड आणि कोणाला तरी डोक्याच्या बरोबर वरून हातभर अंतरावरून काढायला सांग (फार जवळ नेला की मधला भाग फुगून दिसतो, सेल्फी तर नकोच). आता खरी गोष्ट, जी बहुतेकजणी करत नाहीत: तसाच एक भांग डोक्याच्या मागच्या बाजूला, कानांच्या उंचीवर पाड आणि त्याचाही त्याच अंतरावरून फोटो घे. मग दोन्ही शेजारी ठेवून बघ.

माझा सगळा भर या तुलनेवर असतो. तापानंतर जे केस गळतात ते सगळ्या डोक्यावरून गळतात. ताप, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, अचानक खूप वजन उतरवणं, असं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, त्यामुळे तुझा ताप आणि गळती यांचा हिशोब जुळतो. यात पुढचा भांग आणि मागचा भांग दोन्ही साधारण सारखेच विरळ दिसतात, वेणी हातात घेतली की बारीक लागते. हे बहुतेक वेळा आपोआप थांबतं, सहसा सहा महिन्यांच्या आत, आणि मुळं शाबूत असल्यामुळे केस परत येतात. फक्त केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतात, म्हणून वेणीची जाडी परत यायला वर्षभर सहज लागतं.

पण मागे दाट आणि वर भांग रुंद, कपाळाजवळची रेषा जशीच्या तशी, आणि भांग पुढच्या बाजूला जास्त पसरलेला असेल, तर तो बायकांमध्ये आढळणारा आनुवंशिक विरळपणा असू शकतो. त्यात न्हाताना केस फारसे गळतातच असं नाही. केस प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक होऊन उगवतो. हा विरळपणा कितीही सौम्य शाम्पू लावला तरी थांबत नाही, आणि गेलेली जाडी मिळवण्यापेक्षा आहे ती टिकवणं सोपं असतं, म्हणून इथे "बघू सहा महिने" म्हणण्यात नुकसान आहे.

तुझ्या फोटोत मी झूम करून भांगाच्या कडेचे आखूड केस बघितले. आखूड केस दिसले की सगळ्याजणी खूश होतात की नवे आलेत, पण आखूड केसही तीन तऱ्हेचे असतात. गळतीनंतर नव्याने आलेला केस गडद, बाकीच्या केसांइतकाच जाडीला लागलेला आणि टोकाला निमुळता असतो. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा चिरलेलं असतं. आणि आनुवंशिक विरळपणातला केस मुळापासूनच बारीक, फिकट, लवीसारखा, शेजारच्या जाड केसाच्या पुढे लगेच वेगळा कळतो. तुझ्या भांगाला पुढच्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात असे लवीसारखे बरेच दिसतायत, अर्थात ओल्या फोटोवरून शपथ घेणार नाही. माझा अंदाज, दोन्ही एकत्र चाललंय. हळूहळू होत असलेला विरळपणा दाट केसांत लपलेला असतो आणि तापाची गळती त्याच्यावरचं पांघरूण काढते, हे क्लिनिकमध्ये खूपदा बघितलंय.

म्हणून माझं मत: नवे फोटो काढ, पुढचा-मागचा भांग सारखा आला तर सौम्य काळजी घेऊन तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात परत फोटो काढ. पुढचा स्पष्ट रुंद आला तर आत्ताच त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घे, घाई-गडबड नको पण पुढे ढकलूही नको. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस किंवा खूप मुरुमं असतील तर तेही सांग, मग हार्मोनच्याही तपासण्या करतात.

आणि फोटो वगैरे काढत न बसता थेट जायचं ते वेगळं: भांगात कातडी गुळगुळीत, चमकदार होऊन केसांची छिद्रंच दिसत नसतील, मुळाभोवती लाली आणि खपली असेल, आग होत असेल, दुखत असेल, पू येत असेल, किंवा नाण्यासारखे गोल चट्टे पडले असतील. छिद्रं बुजणाऱ्या प्रकारात तिथे परत केस येत नाहीत, त्यामुळे एकेक महिना महत्त्वाचा. तुझ्या फोटोत छिद्रं दिसतायत, ही चांगली गोष्ट.

काळजी म्हणजे काय तर घट्ट बांधणं बंद, रोज एकाच जागी भांग नको, ओले केस ओढून विंचरायचे नाहीत, टाळू स्वच्छ ठेवायची, बस. केस गळतात म्हणून धुणं कमी करू नकोस, जे सुटलेलेच असतात ते पुढच्या न्हाण्याला एकदम गठ्ठ्याने येतात आणि उगाच धसका बसतो.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड बघतील. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधीच सांग, त्यांनी थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात आणि हे कोणी विचारत नाही. केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध स्वतःच्या मनाने आणून लावू नकोस, विशेषतः प्रेग्नन्सीचा विचार असेल तर. डॉक्टरांनी दिलं तर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, तेव्हा घाबरून सोडतात बऱ्याचजणी. फरक फोटोत दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि सोडलं की मिळालेले केस पुन्हा जातात, म्हणून सुरू करायच्या आधीच त्यांना विचारून घे की किती दिवस चालवायचं आहे.