सीट मॅपवरच्या रिकाम्या खुर्च्यांना भुलू नका

विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये आठ खुर्च्या रिकाम्या दिसतात, मग साठवलेल्या माइल्सवर अपग्रेड का मिळत नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण सीट मॅप फक्त कोणी जागा निवडली एवढंच सांगतो. तिकीट काढूनही जागा न निवडलेले लोक त्यात दिसतच नाहीत.

खरा हिशेब अक्षरांच्या कप्प्यांत असतो: कंपनी जागा वेगवेगळ्या कप्प्यांत वाटते आणि प्रत्येकाला अक्षरांचं नाव देते. उदाहरणार्थ युनायटेड एअरलाइन्समध्ये J म्हणजे पूर्ण भाड्याचं बिझनेस आणि PZ हा अपग्रेडचा कप्पा. J7 PZ0 दिसलं, तर सात तिकिटं विकायला आहेत, पण अपग्रेडसाठी आज एकही नाही. कंपनीला अजून रोख गिऱ्हाईक येईल अशी आशा असते. ती मावळली की PZ उघडतो, कधी महिनाभर आधी, कधी थेट शेवटच्या दिवशी. तोवर वेटलिस्टवर राहा. तिथे आधी सदस्यत्वाचा दर्जा पाहतात. स्वस्तातल्या काही तिकिटांना अपग्रेड चालतच नाही, म्हणून भाड्याचा वर्ग तिकीट काढतानाच विचारून घ्या.

काउंटरवरचं रोख अपग्रेड हा वेगळा मामला. लवकर गेलात तर "नंतर बघू" ऐकाल, कारण चित्र चेक-इन संपत आल्यावरच स्पष्ट होतं. मी एकदा घाईत पैसे भरले आणि लाउंजच्या दारातून परत फिरलो: अपग्रेड फक्त खुर्चीचं होतं! तेव्हा कार्ड देण्याआधी लाउंज आणि बॅगांचं वजन, दोन्ही विचारा.