एकाच रुग्णाला तीन पथ्ये: कमी मीठ, मधुमेह आणि मूत्रपिंड

प्रश्न: मी सांगलीत गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयातील कमी मिठाचा, मूत्रपिंडाचा आणि मधुमेहाचा आहार यांवर असाइनमेंट लिहायची आहे. एकाच रुग्णाला हे तिन्ही आजार असतील, तर कोणता तक्ता लावायचा?

उत्तर: मिरजेतील एका रुग्णालयाच्या आहार विभागात मी बरीच वर्षे काम केले. अशा रुग्णाला तिन्हीपैकी कोणताही छापील तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही, हे तिथे मी एका चुकीतून शिकले. तीच हकीकत सविस्तर सांगते.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आमच्याकडे आले होते. वय ५८, सूज उतरल्यानंतरचे वजन ६० किलो, चौदा वर्षांचा मधुमेह, सोबत रक्तदाब, क्रिएटिनिन ३.२ आणि पोटॅशियम ५.१. डायलिसिस अजून सुरू झाले नव्हते. वजन सूज उतरल्यानंतरचेच घ्यावे लागते, कारण पायांत साचलेल्या पाण्याला प्रथिने लागत नाहीत. सुजेसह मोजलेल्या वजनावर हिशेब केला की सगळेच आकडे फुगतात.

घरी जाताना त्यांच्या कार्डावर आम्ही ‘कमी मीठ, दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत’ असे लिहून दिले. पाच ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. आकडा बरोबर होता, पण कोणते मीठ हे आम्ही लिहिले नव्हते. त्यांच्या मुलाने वडिलांच्या काळजीपोटी दुकानातून ‘कमी सोडियम’ असे छापलेले मीठ आणले. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ते प्रमाण ३० टक्के धरले, तर ५ ग्रॅम मिठात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड येते आणि त्यातून सुमारे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जाते. ज्या माणसाला दिवसभरात साधारण २००० मिलिग्रॅमच्या आसपास थांबायचे आहे, त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा नुसत्या मिठातच संपतो. त्यातच मधुमेहात मूत्रपिंड जपण्यासाठी देतात ती रक्तदाबाची काही औषधेही शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. तीन आठवड्यांनी त्यांचे पोटॅशियम ६.२ आले. पाय जड वाटतात, एवढीच त्यांची तक्रार होती. पुष्कळदा तेवढीही नसते, आणि हृदयाच्या आलेखात किंवा रक्ताच्या तपासणीतच गोष्ट उघडी पडते. डॉक्टरांनी औषधे बदलली, आणि आम्ही कार्डावर ‘साधेच मीठ, पण मोजून’ असे लिहायला लागलो. सैंधवाबद्दल हमखास विचारले जाते, म्हणून तेही सांगते: सैंधव मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे त्याने सोडियम टळत नाही.

खुद्द स्वयंपाकातले मीठ घरची माणसे सहज कमी करतात. हिशेब बिघडतो तो ठेचा, लोणचे, पापड, खारी आणि आपल्याकडच्या भडंगामुळे. पापडात तर मिठाखेरीज पापडखाराचेही सोडियम असते.

आता पथ्ये एकमेकांशी भांडतात ती कुठे, ते पाहा. मधुमेहाचा तक्ता मोडाची मटकी, पालेभाज्या, कोंड्यासकट धान्य आणि ताक यांची शिफारस करतो, कारण साखर हळू वाढते. मूत्रपिंडाचा तक्ता पोटॅशियम आणि फॉस्फरससाठी याच पदार्थांना आवर घालतो. अशा वेळी अहवाल समोर ठेवून क्रम लावावा, असे माझे मत आहे. पोटॅशियम वाढलेले असेल तर आधी ते, कारण त्याचा धोका दिवसांत येतो. साखरेचा आणि फॉस्फरसचा धोका बहुधा वर्षांचा असतो. पोटॅशियम मर्यादेत असेल, तर केवळ मूत्रपिंडाचा रुग्ण आहे म्हणून भाज्या-फळे तोडू नयेत.

या गृहस्थांसाठी आम्ही दुधी, दोडका, पडवळ, तोंडली आणि कोबी यांवर भर दिला. बटाटा किंवा पालेभाजी करायचीच असेल, तर चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि पाणी फेकून द्यावे. इथे गृहिणीचा जीव कळवळतो, कारण उकळलेले पाणी फेकू नये हीच तिची शिकवण असते. पण पोटॅशियम त्या पाण्यातच उतरलेले असते, आणि म्हणूनच पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची कटाची आमटी या रुग्णाला चालत नाही. शहाळ्याचे पाणीही त्याच कारणाने बंद. बागायतदाराच्या घरात बेदाणा हातासरशी तोंडात जातो. द्राक्षातले पाणी उडाले की पोटॅशियम आणि साखर दोन्ही त्या इवल्याशा मण्यात एकवटतात. त्यामुळे सात-आठ ताजी द्राक्षे एखाद्या वेळी आम्ही चालवून घेतली, बेदाणा मात्र नाही.

प्रथिनांचा हिशेब तुमच्या असाइनमेंटमध्ये पूर्ण मांडा. डायलिसिसपूर्वी किलोमागे ०.८ ग्रॅम धरले, तर ६० किलोंना ४८ ग्रॅम होतात. विद्यार्थी दूध, अंडी आणि डाळ एवढेच मोजतात आणि धान्य विसरतात. ज्वारी, गहू आणि तांदूळ मिळून दिवसाचे २५० ग्रॅम कोरडे धान्य धरले, तरी त्यातून सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे निम्मी प्रथिने येतात. त्यावर ३० ग्रॅम डाळीची ७, एका अंड्याची ६, दूध-दही मिळून पाव लिटरची ८ आणि भाज्यांची दोन-तीन, असे मिळून ४८ च्या आसपास गाठता येते.

उष्मांक मात्र ३० ग्रॅम तेल धरूनही १५५० च्या घरातच राहतात, म्हणजे किलोमागे जेमतेम २६. गरज २५ ते ३५ ची असते, त्यामुळे हा आहार काठावरचा आहे. उष्मांक कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू जाळते, युरिया वाढतो, आणि घरचे लोक प्रथिने आणखी कमी करतात. सूज नसताना दर महिन्याला वजन उतरत असेल, तर हेच घडते आहे असे समजावे आणि तेल किंवा मोजलेले धान्य वाढवावे.

पुढे या गृहस्थांना डायलिसिस लागले. डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जात असल्याने गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम होते. जुने कार्ड फ्रिजवर तसेच चिकटवलेले असते आणि माणूस उपाशी राहतो. आम्ही ते कार्ड परत मागून घेत असू.

आणखी एक गोष्ट तक्त्यात सहसा नसते. मूत्रपिंड निकामी होत गेले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे जेवण तेच असूनही साखर खाली येऊ लागते. पथ्याला यश आले असे समजून सगळे खूश होतात, पण खरे तर औषधाची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घेण्याची वेळ आलेली असते. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला किंवा हात थरथरले, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मधुमेहाच्या साध्या कार्डावर या ठिकाणी संत्र्याचा रस लिहिलेला असतो. या रुग्णाच्या कार्डावर तो खोडून साखर-पाणी लिहायला हवे.