कोटेशनमध्ये मजुरीचा तास कितीला धरायचा?

रबाळ्यात नवं युनिट टाकलंत, छान. पण कोटेशनमध्ये १८,००० पगार भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, असा ८७ रुपयांचा दर लावलाय, तो आधी बदला. हिशोब वर्षाचा करा.

पगार वर्षाला २,१६,०००. मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे २८,०८०. बोनस किमान ८.३३ टक्के, साधारण १८,०००. ईएसआयसी ३.२५ टक्के, ७,०२०. एकूण २,६९,१००. (पूर्ण पगारावर धरलंय, पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरत असाल तर आकडा थोडा उतरेल.)

आता तास. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सणांच्या ८ आणि भरपगारी रजा १५ वजा केल्या की उरतात २९०, म्हणजे २,३२० तास. दर झाला ११६.

इथे दोन चुका हमखास होतात:

- सुट्ट्यांचा पगार खर्चात वेगळा मिळवणं. दिवस वजा केले तेव्हाच तो धरला गेला. पुन्हा धरलात तर कोटेशन फुगतं.
- हजेरीचा प्रत्येक तास जॉबवर लागतो असं मानणं. सेटिंग, माल उतरवणं, ड्रॉइंगची वाट पाहणं यात वेळ जातोच. ८५ टक्के धरा: १,९७२ तास, दर १३६.

४० तासांच्या जॉबला ८७ आणि १३६ मध्ये जवळपास २,००० रुपयांचा फरक पडतो. भाडं, वीज, नफा यानंतर वेगळे. ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम सध्या बाजूला ठेवा. आधी महिनाभर जॉबकार्डवर खरे तास लिहा आणि तुमचे ८५ टक्के खरंच भरतात का ते पाहा.