माल चार महिन्यांचा, हप्ते तीन वर्षांचे

"मॅडम, सीझनचा माल भरायचा आहे, तीन लाख पाहिजेत. घरात सोनं आहे पण ठेवायचं मन होऊन नाही राहिलं. पर्सनल लोनच घेऊन टाकू का?"

फेब्रुवारी लागला की असे दुकानदार माझ्याकडे येतातच. नागपुरात कूलरचा खरा धंदा एप्रिल-मे, पण माल त्याआधी भरून ठेवावा लागतो. त्यातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत. सक्करदऱ्याकडे इलेक्ट्रिकलचं छोटं दुकान, उन्हाळ्यात कूलर, पंप, वाळ्याच्या ताट्या. आधी भाऊ एकटेच आले, मोबाईलवर पर्सनल लोनचा मेसेज दाखवत. "अठरा टक्के हाय, दोन दिवसात पैसे, अन् घरी कोणाला विचारायचं काम नाही."

ते शेवटचं वाक्य मी बाजूला ठेवून दिलं, नंतर लागणार होतं.

मी व्याजदर आधी बघतच नाही, कॅलेंडर काढायला लावते. माल कधी येणार, विक्री कधी, गल्ल्यात पैसा कधी? माल मार्चच्या सुरुवातीला, खरी विक्री एप्रिलच्या मध्यापासून, जूनमध्ये पाऊस लागला की खेळ खलास. "मग मार्चअखेरचा हप्ता कुठून भराल भाऊ?" ते बराच वेळ कॅलेंडरकडेच पाहत राहिले.

मग आकडे मांडले. तीन लाख, 18 टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण 10,850 चा हप्ता, आणि तो माल विकायच्या आधीच सुरू. चार महिन्यांनी बंद करू म्हटलं तर व्याज 17,400 च्या आसपास, 2 टक्के प्रोसेसिंग फी जीएसटीसकट 7,080, आणि उरलेल्या मुद्दलावर 4 टक्के फोरक्लोजर चार्ज धरला तर जीएसटीसकट अजून 13 हजार. साडेसदतीस हजार गेले. त्यात काही लोनमध्ये पहिले काही महिने बंदच करता येत नाही, ते बारीक अक्षरात असतं. गोल्ड लोनला बँकेत 10 टक्के धरले तर चार महिन्यांचं व्याज दहा हजार, वर सोनं तपासायचे थोडे पैसे, आणि मुद्दल-व्याज शेवटी एकदम भरायची सोय.

एवढा फरक दिसत असून माणूस महागडं लोन का पकडून बसतो? माझा अनुभव असा की पैशाच्या प्रश्नात अडलेलं असतं ते बहुतेक वेळा घरातलं काहीतरी, न बोललेलं. विचारलं तर भाऊ म्हणाले, "तिच्या बाबांनी दिलेल्या पाटल्या हायेत जी. बहिणीच्या लग्नात ठेवल्या होत्या, सोडवायला तीन वर्षं लागले. आता कोणत्या तोंडाने मागू?"

पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या म्हटलं. त्या आल्या आणि सरळ बोलल्या, "सोनं ठेवायला माझी ना नाही. पण मागच्या बारीला कधी सोडवणार हे कोणी सांगितलंच नाही, पावतीसुद्धा मी पाहिली नाही." भाऊ काही बोलेनात. त्यांना वाटत होतं सोन्याचं दुखणं आहे, दुखणं निघालं तारखेचं आणि पावतीचं. हे ऐकल्यावर पुढचं सोपंच होतं, आणि खरं सांगायचं तर अशा क्षणासाठीच मी हे काम करते.

दागिने वहिनींचे, म्हणून लोनही त्यांच्याच नावावर घ्यायचं ठरलं, पावती त्यांच्या कपाटात. मंगळसूत्र त्यांनी वगळलं, मीही आग्रह केला नाही. बँकेत वजन दोघांसमोर झालं. पाटल्यांतली लाख, खडे वजा करून निव्वळ सोनं मोजतात आणि मजुरी धरत नाहीत, त्यामुळे घरच्या अंदाजापेक्षा आकडा कमीच येतो, आणि त्याच्याही साधारण पाऊण रक्कम मिळते असं धरून चाला. पावतीवर प्रत्येक दागिन्याचं वजन आणि शुद्धता लिहिलीय का ते तिथेच बघा. व्याज दर महिन्याला नाही भरलं तर दर वाढतो का हेही विचारा, काही कंपन्यांच्या स्कीममध्ये वाढतो.

आता एक अट, जी मी सगळ्यांनाच घालते. पैसे मालात जाणार असतील आणि माल विकायचा महिना सांगता येत असेल तरच सोनं ठेवा. जुनी उधारी बुडाली म्हणून किंवा दुसऱ्या लोनचा हप्ता भरायला ठेवाल तर ते सुटत नाही, व्याज भरून रिन्यू, परत रिन्यू, आणि थकलं की नोटीस येऊन लिलाव. लिलावात वरचे पैसे परत मिळतात, पाटल्या नाही मिळत. ओळखायची खूण सोपी आहे, मुदत संपताना तुम्ही सोडवायला नाही तर रिन्यू करायला निघालात तर ते खेळतं भांडवल राहिलेलं नाही. तिथे आधी उधारीची वही घेऊन बसावं लागतं, लोन नंतर.

या जोडप्याने मे महिन्यात गल्ल्यातून मधूनमधून भरून मुद्दल कमी केलं, जूनमध्ये खातं बंद. सगळे पैसे भरल्यावर दागिने त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा 2025 चा नियम आहे. वहिनींनी पावतीशी वजन ताडून पाहिलं आणि मगच सही केली.