खांदा दुखतो तेव्हा ओव्हरहेड प्रेस कसा करायचा?

प्रश्न: बारबेल डोक्यावर नेताना उजवा खांदा पुढून टोचतो, बेंचला पण थोडं होतं. शोल्डर बंदच करू का?

बंद नको करू, आधी बार सोड. बारवर दोन्ही हात एकाच पकडीत अडकतात, खांद्याला स्वतःची वाट शोधता येत नाही. डंबेल घे, तळवे समोरासमोर ठेव आणि कोपर अगदी बाजूला न फाकवता थोडं पुढे आण, साधारण ३० अंश. बऱ्याच जणांचं टोचणं इथेच कमी होतं.

तरी दुखलं तर लँडमाइन प्रेस कर, म्हणजे बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं एका हाताने वर-पुढे ढकलायचं, हात पूर्ण डोक्यावर जातच नाही. माझं पण असंच होतं, मी नुसत्या २० किलोच्या बारने ३ सेट १० चे केले, दीड महिन्याने डंबेल सरळ वर जायला लागले. बेंचला पण डंबेलच, जमिनीवर झोपून, म्हणजे कोपर खाली जास्त जात नाही.

करताना दुखणं १० पैकी २-३ च्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं तर वजन किंवा अँगल कमी कर. रात्री झोपमोड होत असेल, हात उचलताच येत नसेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र आधी ऑर्थोला दाखव.